ग्राहकाची ठेव आणि बँकेची राखीव शिल्लक

बँकांनी ठेवींचा जो ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेत सक्तीने ठेवायचा असतो, तो सीआरआर. तो कमी झाला की दुसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य वाचायला मिळतं: बँकांचे इतके लाख कोटी मोकळे झाले, आता ते कर्जात जाणार. जून २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने सीआरआर चार टप्प्यांत ४ वरून ३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, तेव्हाही हेच झालं. सुमारे अडीच लाख कोटींचा आकडा बरोबर होता. पण ते पैसे कर्जदाराच्या हातात पडणार, हे चित्र मुळातच चुकीचं आहे. लिहिणाऱ्याने दोन वेगळे पैसे एकच समजून लिहिलेलं असतं.

पहिला पैसा म्हणजे ठेव. तो सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. खात्यात दिसणारी रक्कम ही बँक आपल्याला देणं लागते ती रक्कम, म्हणजे बँकेची देणी आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दुसरा पैसा म्हणजे राखीव शिल्लक. आपलं जसं बँकेत खातं असतं, तसं बँकेचं देशाच्या मध्यवर्ती बँकेत, भारतात रिझर्व्ह बँकेत, असतं. त्या खात्यातली रक्कम म्हणजे ही शिल्लक. ती मध्यवर्ती बँकेची देणी आहे, आणि ती मुख्यतः बँका, सरकार आणि परवानगी असलेल्या मोजक्या संस्थांनाच बाळगता येते. तुम्हीआम्ही ती कधीच हातात घेऊ शकत नाही. मध्यवर्ती बँकेचा पैसा लोकांपर्यंत पोहोचतो तो मुख्यतः नोटांच्या रूपात.

आता गोंधळाचं मूळ. पाठ्यपुस्तकात गुणकाची गोष्ट असते. १०० रुपयांची ठेव आली, १० टक्के बाजूला ठेवले, ९० कर्ज दिले, ते ९० दुसऱ्या बँकेत ठेव झाले, तिने ८१ दिले, असं करत करत १,०००. बेरीज चोख आहे, पण घटनाक्रम उलटा आहे. मला या तक्त्याचा मनापासून कंटाळा आहे, कारण परीक्षेत तो पाठ करून आलेला माणूस पुढे आयुष्यभर बँकेला ठेवी गोळा करून वाटणारी पेढी समजतो.

प्रत्यक्षात काय होतं ते एका कर्जावर बघू. एका कारखानदाराला यंत्र घ्यायला ‘क’ बँक १० लाखांचं कर्ज मंजूर करते. त्यासाठी ती कुणाच्या ठेवीतून काही काढत नाही. तिच्या हिशेबात एकाच वेळी दोन नोंदी होतात: मालमत्तेच्या बाजूला १० लाखांचं कर्ज, देण्यांच्या बाजूला कारखानदाराच्या खात्यात १० लाखांची ठेव. ही ठेव त्या क्षणी नव्याने जन्मली. दुसऱ्या कुणाचीही ठेव एका पैशाने कमी झालेली नाही. बँक ऑफ इंग्लंडने २०१४मध्ये आपल्या त्रैमासिकात हेच सविस्तर मांडलं होतं, त्यामुळे ही काही बंडखोर मंडळींची कल्पना नाही.

खरी गंमत पुढच्या पायरीवर आहे. कारखानदार यंत्र विकणाऱ्याला पैसे पाठवतो आणि विक्रेत्याचं खातं ‘ख’ बँकेत आहे. आता ‘क’ बँकेची ठेव १० लाखांनी घटते, ‘ख’ बँकेची तेवढीच वाढते. पण ‘ख’ बँक फुकटात नवी देणी अंगावर घेणार नाही, तिला मोबदल्यात काहीतरी हवं. ते काहीतरी म्हणजे राखीव शिल्लक. मध्यवर्ती बँकेच्या वहीत ‘क’च्या खात्यातून १० लाख ‘ख’च्या खात्यात जातात. राखीव शिलकीचं मुख्य काम हे: बँकांनी आपसातले हिशेब मिटवणं. ती ग्राहकाला कर्ज म्हणून दिली जात नाही. बँका एकमेकींना ती जरूर उसनी देतात, तोच कॉल मनी बाजार.

एक लक्षात आलं का? सगळ्या बँकांच्या राखीव शिलकीची बेरीज या सौद्यात जराही बदललेली नाही. ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली, एवढंच. मात्र ठेवींची बेरीज १० लाखांनी वाढली. दोन पैसे वेगळे आहेत, याचा याहून स्वच्छ पुरावा नाही.

इथे दुसऱ्या टोकाचा गोंधळ सुरू होतो. ‘म्हणजे बँक हवेतून हवा तेवढा पैसा काढते’ असं म्हणणारे मला गुणकवाल्यांपेक्षाही जास्त वैताग देतात. ‘क’ बँकेने बाकीच्यांपेक्षा भराभर कर्जं वाटली, तर तिची राखीव शिल्लक रोज दुसऱ्यांकडे वाहत जाईल. ती भरून काढायला तिला व्याज देऊन ठेवी ओढाव्या लागतील किंवा कॉल बाजारातून उसने आणावे लागतील. ठेवी बँकेला हव्या असतात त्या यासाठी. कर्ज देण्याआधीची ती अट नसते, दिलेलं कर्ज पेलण्याचा तो स्वस्त मार्ग असतो. सगळ्या बँकांनी सारख्याच वेगाने कर्जं दिली तर ही गळती एकमेकींत बऱ्यापैकी मिटते. तरीही दोन अडथळे उरतात: परत फेडू शकणारा कर्जदार मिळायला हवा, आणि भांडवल हवं. बासेल या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चौकटीतल्या किमान ८ टक्क्यांच्या नियमाने, पूर्ण जोखीमभार असलेल्या १० लाखांच्या कर्जामागे ८० हजारांचं भांडवल लागतं. राखीव शिल्लक एका रात्रीसाठी उसनी मिळते. भांडवल नफ्यातून साठवावं लागतं किंवा भागधारकांकडून आणावं लागतं. शिवाय कर्ज फिटलं की ती ठेव नाहीशीही होते. हा भाग सगळे विसरतात.

मग राखीव प्रमाण कुठे बसतं? सीआरआर ४ टक्के असेल तर आपल्या उदाहरणात वाढलेल्या १० लाखांच्या ठेवींवर ४० हजारांची जादा राखीव शिल्लक ठेवावी लागेल. पण ही मोजणी सहसा आधीच्या कालखंडातल्या ठेवींवर होते. म्हणजे कर्ज आधी, ठेव त्यामागून, आणि राखीव शिलकीची गरज त्यानंतर. समजा सगळ्या बँकांकडे मिळून अगदी नेमकी गरजेपुरती शिल्लक होती. आता ४० हजार कमी पडतात. कुठलीही बँक ते बाजारातून निर्माण करू शकत नाही, कारण उसनवारीने शिल्लक फक्त जागा बदलते. सगळ्या एकाच वेळी उसने मागायला लागल्या की एका रात्रीच्या उसनवारीचा व्याजदर, म्हणजे कॉल दर, चढतो.

मध्यवर्ती बँकेपुढे तेव्हा दोनच वाटा असतात. एक तर दर भडकू द्यायचा, नाही तर रेपोने, म्हणजे रोखे तारण घेऊन थोड्या मुदतीसाठी, ते ४० हजार उसने पुरवायचे. जी बँक व्याजदराचं लक्ष्य जाहीर करून बसली आहे ती दुसरी वाट धरते, नाहीतर तिच्या लक्ष्याला अर्थ उरत नाही. म्हणून ती राखीव शिलकीचा आकडा बांधून धरत नाही, तिची किंमत, म्हणजे व्याजदर, बांधून धरते. कर्जाला आळा बसतो तो त्या किमतीने: दर वाढला की बँकेला कर्ज पेलणं महाग पडतं, ती ग्राहकाला जास्त व्याज लावते, आणि काही कर्जदार मागे फिरतात.

गुणक खरा असता तर प्रमाण शून्य केलेल्या देशांत पैसा अनंत व्हायला हवा होता. कॅनडात १९९४पासून सक्तीचं राखीव प्रमाण नाही. अमेरिकेने २६ मार्च २०२० रोजी ते शून्यावर आणलं. त्याआधीचा अनुभव तर आणखी बोलका आहे. २००८च्या मध्यात अमेरिकी बँकांची राखीव शिल्लक काही दशअब्ज डॉलर होती, २०१४मध्ये ती अडीच लाख कोटी डॉलरच्याही वर गेली. कर्जं आणि ठेवी त्या पटीत वाढल्या नाहीत, जवळपासही नाही. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, रोखे विकत घेतले होते. बँकेकडचा रोखा घेतला तर फक्त राखीव शिल्लक वाढते. विमा कंपनीकडचा घेतला तर तिच्या खात्यात तेवढीच ठेवही वाढते, पण एकास एक, दहापट नाही.

सीआरआर आणि एसएलआर हे बँकांवरचं दुसरं सक्तीचं प्रमाण, यांतला फरक बरेच जण फार मोठा करून विचारतात. एक मध्यवर्ती बँकेत जमा असतो, दुसरा बहुतांशी सरकारी रोख्यांत. झालं.

सीआरआर निरुपयोगी आहे असं मात्र नाही. त्याचं काम तरलता, म्हणजे बँकांकडची मोकळी राखीव शिल्लक, शोषणं किंवा सोडणं, आणि २०१६ची नोटाबंदी हे त्याचं उत्तम उदाहरण. लोकांनी जुन्या नोटा बँकेत भरल्या. बँकांनी त्या रिझर्व्ह बँकेकडे दिल्या आणि बदल्यात राखीव शिल्लक मिळाली. लोकांच्या हातची रोकड गेली आणि ठेव आली, म्हणजे जनतेचा पैसा वाढला नाही, फक्त त्याचं रूप बदललं. बँकांकडे मात्र राखीव शिलकीचा पूर आला. तो तसाच सोडला असता तर कॉल दर रिझर्व्ह बँकेने त्याच्यासाठी आखलेल्या पट्ट्याच्या तळाला जाऊन बसला असता. म्हणून १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात वाढलेल्या ठेवींवर रिझर्व्ह बँकेने १०० टक्के वाढीव सीआरआर लावला आणि १० डिसेंबरपासून मागे घेतला. गुणकाच्या हिशेबाने त्या पुरातून कर्जांचा डोंगर उभा राहायला हवा होता. उलट त्या हिवाळ्यात कर्जवाढ मंदावली, कारण व्यवहारच थंडावले होते आणि कर्ज मागणारे कमी झाले होते.

भारतात सीआरआरवर व्याज मिळत नाही, म्हणून तो कमी झाला की बँकांचा खर्च हलका होतो. कपातीचा खरा परिणाम हा आणि कॉल दरावरचा. तेव्हा पुढची बातमी वाचताना मोकळे झालेले लाख कोटी बाजूला ठेवा आणि कॉल दर रेपो दराच्या वर आहे की खाली ते बघा. वर असेल तर बँकांना राखीव शिलकीची टंचाई आहे, खाली असेल तर ती मुबलक आहे. आगाऊ कराचे हप्ते भरायच्या तारखांना हा दर सहसा चढतो, कारण कर भरताना ठेवही जाते आणि राखीव शिल्लकही सरकारच्या खात्यात जाऊन बसते. सरकारने खर्च केला की दोन्ही परत येतात.