‘दिन’ आणि ‘दीन’ : ऱ्हस्व-दीर्घाच्या वादामागचं

मोडीत इकार एकच आणि उकारही एकच. शब्द कोणता, हे वाचणारा मजकुरावरून ओळखायचा. बारकाईने ऱ्हस्व-दीर्घ पाळण्याची सवय छापील बालबोधीबरोबर रुजली. आज शाळेत शिकवतात ते नियम १९६२चे, त्यांत १९७२ साली आणखी चारांची भर पडली.

अस्सल मराठी शब्दात ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक वेळा जागेवरून ठरतं. ‘फूल’ म्हणताना शेवटचा ‘अ’ गळतो आणि आधीचा उकार लांबतो. ‘फुलाला’ म्हटलं की तोच आखडतो. म्हणून ‘फुल उमललं’ हे चुकीचं लेखन झालं, पण शब्द बदलला नाही.

शब्द बदलतो तो मुख्यतः तत्सम शब्दांशी गाठ पडल्यावर. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. तरी ‘शिर कापली’ असं कुणी लिहिलं, तर क्रियापदच चुगली करतं: डोकं ‘कापलं’ जातं, ‘कापली’ जाते ती शीर. वाक्य असं सावरून घेतं. फलकावर ही सोय नसते. एक मे रोजी आमच्या चौकात ‘महाराष्ट्र दीन’ अशी कमान लागली होती. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, बापुडा. वाचणाऱ्यांना अर्थ कळला, हसूही आलं.

खरी मेख ‘तत्सम’ या शब्दातच आहे. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला तो तत्सम, पण आला कुठून हे लिहिणाऱ्याने ओळखायचं कसं? ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, कारण तो अरबीतून आलेला. ‘शरीर’चं मात्र ‘शरीराला’च राहतं, कारण तो तत्सम. कानाला दोन्ही सारखेच. म्हणजे मराठी शुद्ध लिहायला आधी शब्दाचं कूळ विचारायचं. पोरांचे गुण जातात ते इथे.

१९६२मध्ये एक गाठ सोडवली गेली. मराठी उच्चारात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार लांबतोच, म्हणून तत्सम शब्दही सुटे असताना दीर्घान्त लिहायचे ठरले: कवी, गती, गुरू. काहींना तो संस्कृतावरचा अन्याय वाटला; मला तो उच्चाराला दिलेला न्याय वाटतो. पण सवलत अर्धीच. समासात जुना ऱ्हस्व परत येतो: कविराज, गुरुदक्षिणा. ‘आणि’ सुटा असूनही ऱ्हस्वच राहिला. ‘आणी’ लिहिणारा त्यामुळे आजही चुकतो, जरी त्याने दुसरा कुठलाच शब्द लिहिलेला नसतो.

उलट, या नियमाने एक जुना भेद पुसला. संस्कृतात पाणि म्हणजे हात. ‘पाणिग्रहण’मध्ये तो ऱ्हस्व टिकला, पण ‘चक्रपाणी’ लिहिताना हात आणि प्यायचं पाणी यांचं स्पेलिंग एकच होतं. विष्णूच्या हातात चक्राबरोबर पाणी आहे, असा समज मात्र कुणाचा झालेला नाही.