दहावीच्या सवलतीपासून तिसरीच्या वर्गापर्यंत: अध्ययन अक्षमता ओळखण्याचा प्रवास

१८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा चुणचुणीत, खेळात कुणाच्या मागे नाही, पण वाचता येत नव्हतं. स्वतःचं नावही तो अक्षरं उलटसुलट करून लिहायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं मॉर्गन यांनी नोंदवून ठेवलं आहे: सगळं तोंडी शिकवलं असतं तर हा पोरगा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता. वाचन-अक्षमतेच्या या अगदी सुरुवातीच्या वर्णनात कळीचं निरीक्षण डॉक्टरांचं नाही, मास्तरांचं आहे. पुढे मात्र हा विषय दवाखान्यात गेला आणि बराच काळ तिथेच राहिला.

महाराष्ट्रात तो शाळेत आला तो वरच्या टोकाने. १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणाऱ्या मुलांना राज्य मंडळाच्या परीक्षेत रीतसर सवलती मिळू लागल्या, आणि देशात हे पाऊल उचलणारं हे पहिलं राज्य होतं. लेखी परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित, अशा त्या सवलती. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोठ्या पालिका रुग्णालयांतून तपासणी आणि प्रमाणपत्रं सुरू झाली. हजारो मुलं त्यामुळे दहावी पार करू शकली. पण एक सवयही लागली: अध्ययन अक्षमता म्हणजे सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट म्हणजे नववी-दहावी. ज्या वयात मदतीचा खरा उपयोग होतो त्या दुसरी-तिसरीत कुणाला विचारायचं कारणच पडलं नाही.

कायद्याची गाडीही उशिराच आली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात अध्ययन अक्षमता नव्हती. ती आली २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, एकवीस प्रकारांपैकी एक म्हणून. शाळांनी ती लवकरात लवकर ओळखावी, हेही त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमात घातलं गेलं. २०१८ च्या मूल्यांकन सूचनांनी पहिली चाळणी शिक्षकांच्या हाती दिली: मूल तिसरीत गेल्यावर किंवा आठ वर्षांचं झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा. त्यानंतर मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालची समिती, मग बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यंक चाचणी, आणि शेवटी वाचन-लेखन-गणिताची चाचणीमाला. कागदावर साखळी पूर्ण आहे. तालुक्याच्या गावात मात्र तिची पहिली कडी, म्हणजे वर्गशिक्षक, सोडली तर बाकीच्या कड्या जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे इतक्या शाळा असतात की ते एका शाळेत फार दिवस थांबू शकत नाहीत.

शिक्षकांच्या हाती दिलं काय, हा पुढचा प्रश्न. बराच काळ इंग्रजी शाळांसाठी केलेल्या यादीचं भाषांतर फिरत होतं: मूल बी आणि डी यांत गोंधळतं का, अक्षरं उलटी काढतं का. मराठी पहिलीच्या वर्गात याचा उपयोग थोडा. आपल्याकडचा गोंधळ घ-ध, भ-म, ब-व यांत होतो आणि त्याहून जास्त मात्रा-वेलांट्यांत. शिवाय बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर शिकायची चिन्हं काहीशे होतात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतचा काळ जातो, असं त्यात दिसलं. कन्नड लिपीची घडण देवनागरीसारखीच आहे. म्हणजे दुसरीतल्या मुलाचं जोडाक्षर अडखळलं तर लगेच शंका घेण्यात अर्थ नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा संच काढला. त्यात मराठीचा समावेश आहे आणि पहिली-दुसरी व तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी भरायच्या वेगळ्या चाळण्याही आहेत. तो हाताशी नसेल तरी वही, घड्याळ आणि पाठ्यपुस्तक एवढ्यावर बरंच कळतं.

तिसरीतली एक मुलगी नमुन्यादाखल घेऊ. बाराखडी ती घडाघडा म्हणते, धडाही वाचते. बाईंना शंका येते ती पुस्तक बदलल्यावर. आधी बाकीची कारणं बाजूला काढायची: सहा मीटरवरून तक्ता वाचता येतो का, पाठीमागून हळू हाक मारली तर वळते का, हजेरी किती, ऊसतोडीला कुटुंब गेलं होतं का, घरात मराठीच बोलतात की पावरी, कोरकू. यातलं एकही कारण लागू असेल तर निष्कर्षाची घाई करायची नाही.

मग एक गोष्ट वाचून दाखवायची आणि पाच प्रश्न विचारायचे. तितकीच सोपी दुसरी गोष्ट तिला स्वतः वाचायला द्यायची, पुन्हा पाच प्रश्न. पहिल्या वेळी चार उत्तरं बरोबर येतात, दुसऱ्या वेळी एक, तेही चित्र बघून. पर्सीच्या मास्तरांनी पाहिली होती ती हीच दरी. दोन्ही वेळा कमीच उत्तरं आली असती, तर भाषेचा किंवा एकूण आकलनाचा विचार आधी करावा लागला असता.

आता बाराखडीतली अक्षरं क्रम मोडून दाखवायची, कारण क्रमाने म्हणणं हे पाठांतर असतं. त्यानंतर अर्थ नसलेले शब्द: टीमुका, नेपाडू, लोगिसा. पाठ असलेला शब्द मूल ओळखीने सोडवतं, असा शब्द मात्र अक्षर-अक्षर जोडूनच वाचावा लागतो. ही मुलगी ‘टीमुका’चं ‘टमाटा’ करते, म्हणजे पहिलं अक्षर धरून अंदाज मारते. तोंडी एक प्रश्न: ‘कागद’मधला ‘का’ काढला तर काय उरलं? तिला ते जमत नाही. लिपीचा संबंध नसतानाही ध्वनी सुटे करता येत नाहीत, ही नोंद महत्त्वाची.

श्रुतलेखनाचे दहा शब्द आठवड्याच्या अंतराने दोनदा घ्यायचे. शेजारचा मुलगा ‘विहीर’ दोन्ही वेळा ‘विहिर’ लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाची ही चूक मोठी माणसंही करतात, ती मोजायची नाही. ही मुलगी मात्र एकदा ‘वहर’ लिहिते, एकदा ‘विरह’. मात्रा गळतात, अक्षरांची जागा बदलते, आणि तोच शब्द दर वेळी वेगळा. फळ्यावरचं उतरवताना मात्र चूक नाही. म्हणून नुसती वही तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही.

यातली एक चाचणी फसली म्हणून काही सिद्ध होत नाही. सगळ्यांत भरवशाची चाळणी शिकवण्यातूनच निघते. अमेरिकेत बुद्ध्यंक आणि वाचन यांतला फरक मोठा होईपर्यंत थांबायची पद्धत होती, म्हणजे मूल नीट नापास होईपर्यंत वाट पाहायची. २००४ च्या तिथल्या कायद्याने त्याऐवजी शिकवण्याला मिळणारा प्रतिसाद पाहायची मुभा दिली. आपल्याकडेही तीन-चार मागे पडलेल्या मुलांना रोज वीस मिनिटं, आठ आठवडे, तेच ध्वनी आणि मात्रा शिकवता येतात. दर शुक्रवारी एक मिनिट अनोळखी उतारा वाचून घ्यायचा आणि बरोबर शब्द मोजायचे. शाळा बुडाल्यामुळे मागे पडलेली मुलं बहुधा काही आठवड्यांत उचल घेतात. ही मुलगी नऊ शब्दांवरून बारावर जाते आणि तिथेच रेंगाळते.

अशा वेळी समितीकडे आणि विशेष शिक्षकांकडे पाठवायचं ते या कागदांसह: दोन श्रुतलेखनं, आठ शुक्रवारांचे आकडे, दोन गोष्टींची उत्तरं, हजेरी. ‘अभ्यासात कच्ची’ एवढ्या शेऱ्यावर जिल्हा रुग्णालयात कुणालाच काही करता येत नाही. पालकांशी बोलताना निदानाचं नाव घ्यायचं नाही, कारण ते शिक्षकांचं काम नाही. ‘ऐकून सगळं कळतं, वाचताना अडतं, म्हणून तपासून घेऊ’ एवढं सांगितलं तरी चालतं. तारीख कधी मिळेल सांगता येत नाही, त्यामुळे वीस मिनिटांचा गट बंद करायचा नाही आणि इतर विषयांची परीक्षा तिची तोंडी घ्यायला लागायचं.