‘७/१२ उतारा ऑनलाइन’ ते ‘सातबारा ऑनलाइन कसा काढायचा?’

माहितीपर लेखांची मराठी शीर्षकं बरीच वर्षं सरकारी फलकासारखी असायची: ‘७/१२ उतारा ऑनलाइन पुणे महाभूलेख’. त्यालाही कारण होतं. शोधणारा माणूस तेवढेच शब्द टाइप करायचा, तेही बहुतेक वेळा रोमन लिपीत, आणि शोधयंत्र शब्दाला शब्द जुळवून पाहायचं. पूर्ण वाक्यात प्रश्न विचारा, असं आस्क जीव्ह्ज या शोधयंत्राने १९९७ मध्येच सांगून पाहिलं होतं, पण कळफलकावर एवढं लांबलचक कोण लिहिणार?

फोनशी बोलायची सोय झाली तसा हा कंटाळा गेला. २०११ मध्ये आयफोनवर सिरी ही बोलून वापरायची मदतनीस आली. शोधपद्धतीतल्या २०१३ च्या हमिंगबर्ड बदलानंतर गूगल सुट्या शब्दांऐवजी अख्ख्या प्रश्नाचा रोख पाहू लागलं. मराठीला मात्र थांबावं लागलं. गूगलचा आवाजी शोध मराठीत आला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. तोवर जिओमुळे डेटा स्वस्त झाला होता, त्यामुळे देवनागरी टाइप करायचा ज्यांना कंटाळा, तेही बोलून शोधू लागले.

जमिनीच्या नोंदी सांभाळणाऱ्या जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, म्हणून उदाहरण सातबाऱ्याचंच घेऊ. हवेली तालुक्यातला शेतकरी फोनला ‘सात भागिले बारा’ म्हणत नाही, ‘उतारा प्राप्त करण्याची प्रक्रिया’ तर नाहीच नाही. तो विचारतो, ‘सातबारा ऑनलाइन कसा काढायचा?’ शीर्षक तसंच हवं. ‘काढावा’पेक्षा ‘काढायचा’ बरं, कारण तोंडी तेच येतं. कर्जासाठी बँकेला सही असलेला उतारा लागत असेल, तर ‘डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन कसा काढायचा?’ हा वेगळा प्रश्न आहे. नुसता पाहण्याचा उतारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, सहीच्या उताऱ्याला शुल्क पडतं. दोन्ही एकाच शीर्षकात कोंबले की उत्तरही गढूळ होतं.

शीर्षकाखालच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत थेट उत्तर हवं: जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट क्रमांक टाका. प्रश्न शीर्षकात आणि उत्तर चौथ्या परिच्छेदात, ही खोड अजून पुष्कळांना आहे. ‘७/१२’ हे रूप टाइप करणाऱ्यांसाठी मजकुरात एकदा येऊ द्यावं.

हमिंगबर्डनंतर काहींनी ‘कसा काढायचा’, ‘कसा काढावा’, ‘कसा मिळवायचा’ अशी तीन पानं केली. ती एकमेकांचीच वाट अडवतात. २०१९ च्या अखेरीस बर्ट हे भाषा समजणारं तंत्र मराठीसह सत्तरहून जास्त भाषांत लागू झालं, तेव्हापासून तर हुबेहूब शब्दांची गरज आणखी कमी झाली. एक पान पुरतं.

लोक काय शोधून आपल्या पानावर आले ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल आवाजी शोध वेगळा दाखवत नाही. क्वेरींच्या यादीत ‘कसा’, ‘कुठे’, ‘किती लागतात’ असलेल्या लांब ओळी वाढतायत का, एवढाच अंदाज घेता येतो.