'कुड ऑफ' येतं कुठून?

इंग्लंड-अमेरिकेतल्या कुणी घाईत 'यू शुड हॅव टोल्ड मी'च्या जागी 'यू शुड ऑफ टोल्ड मी' असा रिप्लाय टाकला की खाली लगेच कुणीतरी ग्रामर शिकवायला येतं, आणि मोबाइलने भाषेची वाट लावली हे ठरलेलं वाक्यही येतंच. पण ही चूक मोबाइलची नाहीच. कवी जॉन कीट्सच्या १८१९ च्या एका पत्रात 'शुड नॉट ऑफ' असं लिहिलेलं सापडतं, तेव्हा साधा टेलिफोनही नव्हता.

खरं कारण उच्चारात आहे. 'यू शुड हॅव टोल्ड मी' हे वाक्य भरभर बोलताना जोर पडतो 'टोल्ड'वर, मधलं 'हॅव' नुसतं मदतीचं क्रियापद, आणि इंग्रजीत असल्या छोट्या शब्दांवरचा जोर गेला की ते झिजतात. आधी 'ह' गळतो, मग 'ॲ' ढिला पडून आपल्या 'अ'च्या जवळ जातो, उरतं फक्त 'अव्'. आता 'कप ऑफ टी' घ्या. आपण कितीही 'ऑफ' म्हटलं तरी इंग्रज या शब्दाच्या शेवटी 'फ' नाही, 'व्' म्हणतो, आणि इथेही जोर नसल्यामुळे स्वर तसाच ढिला पडतो, म्हणजे परत 'अव्'च! अजून घाई असेल तर तो 'व्'सुद्धा जातो, मग 'शुडा' आणि 'कपा' उरतात.

मराठीत 'केलं आहे'चं 'केलंय' होतं ते असंच, फक्त 'य' असा आवाज असलेला दुसरा शब्द आपल्याकडे तिथे घुसायला बसलेला नाही.

टाइप करताना माणूस पुष्कळदा मनातला आवाजच उतरवत असतो. 'अव्' ऐकू आलं की 'ऑफ' हा सतत लागणारा शब्द बोटांवर आधी येतो, आणि स्पेलिंग बरोबर असल्यामुळे साधा स्पेलचेक गप्प बसतो. म्हणून ही चूक जास्त करून लहानपणापासून इंग्रजी कानाने शिकलेल्यांची. मराठी शाळेत 'शुड हॅव' फळ्यावर बघून पाठ केलेल्याला 'हॅव' पूर्ण दिसत असतं, तो सहसा इथे फसत नाही, त्यामुळे याला अडाणीपणा म्हणणं मला अजिबात पटत नाही.

मग हेच लोक 'आय हॅव सीन'चं 'आय ऑफ सीन' का लिहीत नाहीत? 'आय'च्या शेवटी स्वर आहे, तिथे 'हॅव'चा नुसता 'व्' उरून 'आय'ला चिकटतो, वेगळा शब्द असल्यासारखा वाटतच नाही. 'कुड', 'शुड', 'मस्ट', 'माइट' यांच्या शेवटी व्यंजन आहे, तिथे 'व्' नीट चिकटत नाही, मध्ये 'अ' लागतोच, आणि त्या 'अ'मुळे कानाला एक अख्खा शब्द ऐकू येतो.

मात्र ही चूक मजकुरात शोधून मोजायची असेल तर 'यू कुड ऑफ कोर्स आस्क' असली वाक्यं आधी बाजूला काढा, तिथला 'ऑफ' 'कोर्स'चा आहे आणि एकदम बरोबर आहे.