आगीच्या मोठ्या क्लेममध्ये ऑन अकाउंट पेमेंटची मागणी

ऑन अकाउंट पेमेंट म्हणजे क्लेमचा अंतिम हिशोब व्हायच्या आधी, सर्व्हे चालू असतानाच, विमा कंपनीने पुढच्या रकमेतून वळती करून घ्यायच्या बोलीवर दिलेले पैसे. व्यापारी याला नुसतं "ऑन अकाउंट" म्हणतात, काही जण "अ‍ॅडव्हान्स" म्हणतात, पण अ‍ॅडव्हान्स हा शब्द अर्जात लिहू नये, कारण अ‍ॅडव्हान्स म्हटलं की उसने मागितल्यासारखं वाटतं, आणि इथे मागतोय ते आपल्याच नुकसानीतला तो भाग, ज्यावर कोणाचा वाद राहिलेला नाही.

नागपुरात हा विषय हिंगणा, बुटीबोरी एमआयडीसी, वाडीचे गोडाऊन नाहीतर कळमन्यात एखादी मोठी आग लागली की निघतो. आग दोन दिवसांत विझते, मालक पंधरा दिवस राखेत उभा राहतो, आणि मग कळतं की सर्व्हेयरचा फायनल रिपोर्ट यायला महिने लागणार. तोवर कामगारांचा पगार, लाइट बिल, कच्च्या मालवाल्यांची उधारी आणि बँकेचं व्याज काही थांबत नाही. आपल्याकडे बहुतेक जण या काळात कंपनीच्या ऑफिसात चकरा मारतात आणि "साहेब काहीतरी करा ना" म्हणतात. त्यावर साहेबालाही काही करता येत नाही, कारण त्याच्या फाइलमध्ये मंजुरीसाठी वर पाठवायला कागदच नसतो.

तो कागद म्हणजे सर्व्हेयरचा अंतरिम रिपोर्ट. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ यूएम प्रमाणे ठराविक रकमेवरच्या क्लेमला लायसन्स असलेल्या सर्व्हेयरचं मूल्यांकन लागतं, म्हणून ऑन अकाउंटची खरी वाट कंपनीतून नाही तर सर्व्हेयरकडून जाते. अर्ज कंपनीच्या पॉलिसी देणाऱ्या ऑफिसला करायचा, प्रत सर्व्हेयरला द्यायची, आणि त्यात सर्व्हेयरला स्पष्ट विनंती करायची की आजच्या तारखेला कमीत कमी किती नुकसान पक्कं दिसतं ते लिहून द्या. "कमीत कमी" हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. अर्जात आपला पूर्ण क्लेमचा आकडा टाकून त्याच्या निम्मे मागितले की सर्व्हेयर हात आखडतो, कारण उद्या फायनल हिशोब कमी निघाला तर जास्त गेलेले पैसे वसूल करायची पाळी येते आणि शिफारस त्याच्या सहीची असते.

पॉलिसीत ऑन अकाउंटचं कलम आहे का ते आधी बघावं. हे बऱ्याचदा वेगळं घेतलेलं अ‍ॅड-ऑन असतं आणि त्यात सर्व्हेयरने ठरवलेल्या रकमेच्या किती टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५० किंवा ७५, ते लिहिलेलं असतं. कलम असेल तर हक्काने मागता येतं. नसेल तरी मागता येतं, फक्त मग देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर.

आता एक उदाहरण धरू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, पण घडतं असंच. हिंगण्यातला कोरुगेटेड बॉक्सचा कारखाना, विमा बिल्डिंग ३ कोटी, मशिनरी ७ कोटी, स्टॉक ६ कोटी. एकूण १६ कोटी, आणि एका जागेवरची मालमत्ता ५ ते ५० कोटींच्या मधली म्हणून पॉलिसी भारत लघु उद्यम सुरक्षा. मे महिन्यात कागदाच्या गोडाऊनला आग लागली, अर्धा प्लांट गेला. मालकाने क्लेम टाकला साडेनऊ कोटींचा.

मोठा कोरुगेटर दुरुस्त होतो का भंगारात जातो ते बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर येऊन सांगेपर्यंत कळणार नाही. बिल्डिंगचे कॉलम तापलेत, त्यांची ताकद तपासायची आहे. या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो आणि त्यात घाई करूही नये. पण स्टॉकचं तसं नाही. आगीच्या दिवशी पुस्तकात एकूण ४.८० कोटींचा स्टॉक होता, त्यातला ३.९० कोटींचा जळालेल्या गोडाऊनमध्ये, आणि हा आकडा बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटशी आणि जीएसटी रिटर्नमधल्या खरेदी-विक्रीशी जुळतो. जिथे हे तिन्ही जुळतात तिथे सर्व्हेयर पेन उघडतो. तफावत असेल तर ती आपणच आधी शोधून कारणासकट द्यावी, त्याने शोधून काढली तर सगळ्या पुस्तकांवरच शंका येते.

कागदाचा रीळ एकदम जळत नाही हेही इथे सांगितलं पाहिजे. बाहेरून कोळसा होतो, आत धग राहते, फायर ब्रिगेड गेल्यावर तिसऱ्या दिवशीही एखाद्या ढिगातून धूर निघतो, आणि मधल्या गाभ्याचा कागद कधी कधी पांढराच सापडतो. सर्व्हेयर सळई खुपसून बघतो किती खोल काळं आहे. पाण्याने भिजलेले रीळ वेगळे, जळालेले वेगळे, चांगले वेगळे, असे तीन ढीग त्याच्यासमोर लावून फोटो आणि वजन घेतलं की भंगाराची किंमत ठरायला लागते. हे केलं नाही, किंवा त्याला न विचारता जेसीबी लावून सगळं एकत्र लोटलं, तर पुढे "कमीत कमी" आकडा कोणीच काढू शकत नाही. आमच्या ओळखीतल्या एका मालकाने दुर्गंधी येते म्हणून रातोरात सफाई केली आणि त्याचं ऑन अकाउंट तिथेच अडकलं, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

आता हिशोब. गोडाऊनमधले ३.९० कोटी, त्यातून भंगार ४० लाख वजा, आणि जुना न खपलेला ३० लाखांचा माल ज्याच्या किमतीवर वाद आहे तोही वजा. राहिले ३.२० कोटी. स्टॉकचा विमा ६ कोटींचा आणि प्रत्यक्ष माल ४.८० कोटींचा, म्हणजे कमी विम्याचा प्रश्न नाही. जळालेल्या मालावर घेतलेला जीएसटीचा क्रेडिट उलटवावा लागतो आणि त्याची भरपाई क्लेममध्ये मागता येते, पण उलटवल्याचा पुरावा हातात येईपर्यंत तो या अर्जात धरू नये.

मशिनरीत दोन छोट्या मशीन पार वितळल्या, त्यांच्यावर वाद नाही. पण विमा नव्या किमतीचा असला तरी नवीन मशीन आणून बसवेपर्यंत घसारा वजा करूनच पैसे मिळतात, फरक नंतर. तर घसारा काढून ६० लाख. शिवाय सर्व्हेयरला वाटतंय की ७ कोटींचा विमा घेतलेली मशिनरी खरंतर १० कोटींची आहे. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ असतो, हा त्याच्या वर जातो, म्हणून ३० टक्के कापून ४२ लाख. बिल्डिंगचे सध्या शून्य. एकूण ३.६२ कोटी, २ लाख एक्सेस, म्हणजे मालकाने स्वतः सोसायचा भाग, जाऊन ३.६० कोटी. कलमात ७५ टक्के असतील तर २.७० कोटींचा अर्ज. साडेनऊ कोटींच्या क्लेमवर हा आकडा मालकाला फार कमी वाटतो, पण यातल्या प्रत्येक रुपयाला मागे कागद आहे, आणि वाद असलेलं सगळं आपणच बाजूला ठेवलंय. अर्जात शेवटी एक वाक्य मात्र पाहिजेच, की बाजूला ठेवलेल्या रकमांवरचा आमचा क्लेम कायम आहे.

समजा कंपनीने वरच्या ऑफिसातून ५० टक्के, म्हणजे १.८० कोटी मंजूर केले. पॉलिसी तीन कंपन्यांनी मिळून घेतली असेल आणि मुख्य कंपनीचा हिस्सा ६० टक्के असेल तर आधी १.०८ कोटीच येतात, बाकी ७२ लाख इतर दोघींकडून त्यांच्या त्यांच्या मंजुरीनंतर. म्हणून अर्जाच्या प्रती तिघींनाही पाठवाव्या, नाहीतर पाठीमागच्या दोघी "आम्हाला काही कळवलंच नाही" म्हणतात.

आणि आता ती गोष्ट जी सगळ्यात जास्त लोकांना उशिरा कळते. माल बँकेकडे तारण असतो आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, त्यामुळे पैसे कॅश क्रेडिट खात्यात जातात. आपल्या उदाहरणात खात्यात २.६० कोटी उचललेले आहेत. स्टॉक आता ९० लाखांचा उरला, २५ टक्के मार्जिन काढलं की उधारी सोडून उचलायची मर्यादा साडेसदुसष्ट लाख. १.८० कोटी जमा झाले, खातं ८० लाखांवर आलं, तरी मर्यादेच्या वरच. म्हणजे कंपनीने पावणेदोन कोटींच्या वर दिले आणि मालकाच्या हातात पगारालाही काही आलं नाही. तेव्हा बँकेकडे आधी जायचं, विमा कंपनीकडे नंतर. मॅनेजरला लेखी मागायचं की येणाऱ्या रकमेतला ठराविक भाग पगार आणि कच्च्या मालासाठी सोडावा, बाकी खात्यात घ्यावा, आणि मर्यादा क्लेम मिटेपर्यंत तशीच चालू ठेवावी. बँकेलाही यात रस असतो, कारण खातं सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिलं तर ते एनपीए होतं, आणि बंद कारखान्यापेक्षा अर्धा चालू कारखाना तिलाही बरा.

पैसे देताना व्हाउचरवर सही मागतात. छापील फॉर्मवर बरेचदा "पूर्ण व अंतिम" हे शब्द असतात, क्लार्क काही वाईट हेतूने देत नाही, त्याच्याकडे तोच गठ्ठा असतो. ते शब्द पेनाने खोडून, बाजूला सही करून, "ऑन अकाउंट, पुढील हक्क राखून" असं हाताने लिहायचं आणि त्याचा फोटो काढून ठेवायचा. विमा नियामकानेही २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलंय की व्हाउचरवर सही केली म्हणून ग्राहकाचा पुढे दाद मागायचा हक्क जात नाही. तरी वाद होऊच नये यासाठी ते शब्द खोडलेलेच बरे.

ऑन अकाउंट कधी मिळत नाही, तेही सांगायला हवं. आगीच्या कारणावर संशय असेल, फॉरेन्सिकचा रिपोर्ट यायचा असेल, किंवा पॉलिसीतली एखादी अट, जसं की ठराविक माल त्या गोडाऊनमध्ये ठेवायचाच नाही, मोडल्याचं दिसत असेल, तर कंपनी जबाबदारीच मान्य करत नाही आणि मग "कमीत कमी" हा शब्दच लागू होत नाही. तिथे नुकसान किती याचा कितीही पक्का हिशोब दिला तरी उपयोग होत नाही, आधी कारणाचा कागद लागतो, म्हणजे फायर ब्रिगेडचा दाखला, पोलीस पंचनामा, शॉर्ट सर्किट असेल तर इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरचा रिपोर्ट. आणि मिळाले तरी कंपनी पत्रात लिहितेच की या पेमेंटमुळे आमची जबाबदारी मान्य झाली असं समजू नये. ते वाचून घाबरू नये, ती नेहमीची ओळ आहे. पण पत्रात ती ओळ आहे आणि सोबत कारण, अटी किंवा स्टॉकबद्दल एखादा नवीन प्रश्नही विचारलाय, असं दिसलं तर त्या प्रश्नाचं उत्तर त्याच आठवड्यात लेखी द्यावं, कारण दुसरा हप्ता मागायला जाल तेव्हा फाइलमध्ये सगळ्यात वर तोच प्रश्न असतो.