‘परवानगी’ आणि ‘बंदी’ : कर्मचारी सर्वेक्षणातील प्रश्नांच्या भाषेची पार्श्वभूमी

प्रश्नातील एका शब्दाने उत्तर किती बदलते, हे मोजून दाखवणारा प्रयोग डोनाल्ड रग यांनी १९४१ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का, असे एका गटाला विचारले होते, तर अशा भाषणांवर बंदी घालावी का, असे त्याच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या गटाला. परवानगी देऊ नये म्हणणारे ६२ टक्के निघाले. बंदी घालावी म्हणणारे मात्र ४६ टक्केच. अर्थ एकच असूनही ‘बंदी’ हा शब्द कठोर वाटल्याने लोक कचरले असावेत. हॉवर्ड शूमन आणि स्टॅनली प्रेसर यांनी सत्तरच्या दशकात हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही फरक दिसलाच.

कर्मचारी सर्वेक्षणात सर्रास दिसणारी ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ ही पाच पायऱ्यांची मांडणी रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ च्या कामातून आली. ती सोयीची आहे. परंतु समोर आलेल्या विधानाला मान डोलावण्याकडे माणसाचा कल असतो आणि विधान साहेबांबद्दल असेल तर तो अधिकच वाढतो.

अंधेरी स्थानकाहून कर्मचाऱ्यांना कार्यालयात नेणाऱ्या बसचे उदाहरण घेऊ. ‘कंपनीने सुरू केलेली बससेवा वेळेवर आणि सोयीची आहे’ असे विधान दिले, तर विरारहून येणारी कर्मचारी अडते, कारण बस अगदी ठरल्या मिनिटाला सुटते, पण तिची लोकल त्यानंतर चार मिनिटांनी पोहोचते. ती ‘तटस्थ’वर खूण करते आणि ते उत्तर वाचणाऱ्याला बस उशिरा सुटते की वेळापत्रक चुकले आहे, हे कळत नाही. अशा प्रश्नांत मधल्या पर्यायावर उत्तरांची गर्दी झाली, तर आधी ‘आणि’, ‘व’, ‘तसेच’ शोधावेत, कारण असे शब्द दोन प्रश्न एकात गुंफतात. ते वेगळे करावेत: ‘गेल्या दोन आठवड्यांत बस ठरल्या वेळेपेक्षा उशिरा किती वेळा सुटली?’ हा एक प्रश्न, आणि ‘बसची वेळ तुमच्या लोकलच्या वेळेशी जुळते का?’ हा दुसरा. ‘कंपनीने सुरू केलेली’ हे शब्दही गाळावेत, कारण ते उपकाराची आठवण करून देतात. मराठीत तर नुसत्या ‘ना’ने प्रश्न कलतो: ‘बस वेळेवर येते ना?’ याला ‘नाही’ म्हणणे कुणालाही जड जाते. मसुदा चार-पाच सहकाऱ्यांना वाचायला देऊन, प्रश्न त्यांना काय समजला ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावले, की असे दोष वितरणाआधीच सापडतात.

शब्द बदलले की यंदाचे आकडे गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे. मोठ्या आस्थापनेत तिच्यावर रग यांचीच वाट धरता येते: चिठ्ठ्या टाकून अर्ध्या कर्मचाऱ्यांना जुना प्रश्न द्यावा, अर्ध्यांना नवा, आणि फरक मोजावा. चाळीस माणसांच्या कार्यालयात वीस-वीसचे गट निव्वळ योगायोगानेही वेगळे निघतात. तिथे नवा प्रश्न स्वीकारून तुलनेची मोजणी त्या वर्षापासून नव्याने सुरू करणेच योग्य ठरते.