गिब्ज-द्युएम समीकरण

मिश्रणातील घटकांच्या रासायनिक विभवांत होणारे बदल एकमेकांशी बांधून ठेवणारे ऊष्मागतिकीतील समीकरण. तापमान व दाब स्थिर असताना दोन घटकांच्या मिश्रणासाठी ते असे लिहितात :

x₁ dμ₁ + x₂ dμ₂ = 0

येथे x हा मोल-अंश व μ हा रासायनिक विभव. मिश्रणाची गिब्ज ऊर्जा ही प्रत्येक घटकाचे मोल आणि त्याचा विभव यांच्या गुणाकारांची बेरीज असते. या बेरजेचे विकलन करून ते मूळ ऊर्जा-समीकरणातून वजा केले की हा संबंध उरतो. त्यात कोणतेही प्रतिमान गृहीत धरलेले नाही, म्हणून तो आदर्श व अनादर्श अशा दोन्ही मिश्रणांना लागू पडतो.

नावाविषयी. जोसाया विलर्ड गिब्ज यांच्या विषमांगी पदार्थांच्या समतोलावरील प्रबंधात (१८७५–७८) हे समीकरण सर्वसाधारण रूपात आलेले आहे, त्यामुळे अग्रक्रम त्यांचाच मानणे रास्त ठरते. प्येर द्युएम यांनी ते १८८६ च्या सुमारास ऊष्मागतिक विभवावरील आपल्या लेखनात वापरले. माक्स मार्गुलेस यांनी १८९५ मध्ये त्याला द्रावणांच्या बाष्पदाबाचे रूप दिले. त्यामुळे बाष्पदाबाच्या संदर्भात काही लेखक ‘द्युएम-मार्गुलेस समीकरण’ म्हणतात.

विदेची कसोटी. द्रव-बाष्प समतोलाच्या प्रयोगात तापमान, दाब, द्रवाचे संघटन व बाष्पाचे संघटन या चारही राशी मोजल्या, तर गरजेपेक्षा एक राशी जास्त मोजली गेलेली असते. या जादा राशीमुळेच मोजमापांचा परस्पर मेळ तपासता येतो. विभवाऐवजी क्रियाशीलता गुणांक γ घेतला, की स्थिर तापमानाला (दाबाच्या बदलाचे पद सहसा नगण्य धरून) अट अशी होते :

x₁ (d ln γ₁/dx₁) + x₂ (d ln γ₂/dx₁) = 0

अर्थात एका गुणांकाचा वक्र उतरत असेल तर दुसऱ्याचा चढायलाच हवा, आणि दोन्ही उतारांचे प्रमाण संघटनावरून ठरते. x₁ = ०.२ असताना दुसऱ्या वक्राचा उतार पहिल्याच्या एक-चतुर्थांश व उलट दिशेचा असला पाहिजे.

सर्वांत जास्त वापरली जाणारी कसोटी क्षेत्रफळाची आहे. ती हेरिंग्टन (१९४७) आणि रेडलिख व किस्टर (१९४८) यांनी मांडली. ln(γ₁/γ₂) चा आलेख x₁ विरुद्ध काढला, तर अक्षाच्या वरचे व खालचे क्षेत्रफळ सारखे भरावे. कसोटी सोपी आहे, पण तिच्यावर ठेवला जाणारा विश्वास फाजील आहे. γ₁/γ₂ या भागाकारात एकूण दाब वर-खाली कटून जातो. उरतात ती फक्त संघटने आणि शुद्ध घटकांच्या बाष्पदाबांचे गुणोत्तर. म्हणजे मोजलेल्या दाबातील चूक या कसोटीला दिसूच शकत नाही.

उदाहरणार्थ, ln γ₁ = ०.८ x₂² व ln γ₂ = ०.८ x₁² असे मिश्रण घेऊ. x₁ = ०.२ येथे उतार −१.२८ व ०.३२ येतात आणि (०.२ × −१.२८) + (०.८ × ०.३२) = ०, म्हणजे अट पाळली जाते. आता समजा, द्रवातील विरघळलेली हवा नीट काढली गेली नाही आणि दाब मध्यभागी सुमारे ३ टक्के जास्त मोजला गेला. दोन्ही ln γ मध्ये ०.१२ x₁x₂ एवढी सारखीच भर पडते. गुणोत्तर बदलत नाही, म्हणून क्षेत्रफळाच्या कसोटीत विदा उत्तीर्ण होते. मात्र x₁ = ०.२ येथील उतार −१.२०८ व ०.३९२ होतात आणि बेरीज शून्याऐवजी ०.०७२ निघते. बिंदुवार तपासणीत चूक अशी उघडी पडते. x₁ = ०.५ येथे मात्र हीच बेरीज शून्य येते, कारण तेथे चुकीचा वक्र सपाट असतो. म्हणून एखाददुसरा बिंदू तपासून भागत नाही. उतार काढताना प्रायोगिक विखुरण वाढते ही बिंदुवार पद्धतीची खरी अडचण. यासाठी दाबाच्या विदेवर गुळगुळीत समीकरण बसवून त्यावरून बाष्पाचे संघटन काढतात आणि ते मोजलेल्या संघटनाशी ताडून पाहतात. फरक शून्याभोवती विखुरलेले नसून एकाच बाजूला झुकले, तर पद्धतशीर चूक आहे असे समजावे.

स्थिर दाबाच्या विदेत तापमान बदलते, त्यामुळे मिश्रण-उष्णतेचे पद टाकून देता येत नाही. ही उष्णता सहसा मोजलेली नसते, म्हणून हेरिंग्टन यांनी १९५१ मध्ये उत्कलनबिंदूंच्या पल्ल्यावरून तिचा अंदाज घेणारे सूत्र दिले. त्यातील १५० हा गुणांक थोड्याच मिश्रणांवर आधारलेला होता आणि विस्नियाक यांनी १९९४ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. मिश्रण-उष्णता उपलब्ध असेल तर तीच वापरणे श्रेयस्कर.

बाष्पाचे संघटन न मोजता याच समीकरणावरून काढलेले असेल, तर ती विदा कसोटीत आपोआपच बसते, आणि अशा निकालावरून मोजमापांविषयी काहीच कळत नाही.